आजीचा गुळगुळीत चेहरा आणि स्टुडिओला लिहिलेलं पत्र

फोटो तसा वाईट नव्हता हे आधीच सांगते. लाइट छान, सगळ्यांचे डोळे उघडे, मागच्या रांगेतला एकही चेहरा कुणाच्या डोक्याआड गेलेला नाही, आणि अठरा माणसांच्या ग्रुपमध्ये हे जमवणं म्हणजे खायचं काम नाही. आजीचं सहस्रचंद्रदर्शन साताऱ्याला घरच्या अंगणात केलं होतं, त्याचा हा मुख्य फोटो, १६ बाय २४ ची मॅट प्रिंट, सागवानी रंगाची फ्रेम. स्टुडिओतून घरी आणून भिंतीला टेकवला आणि सगळे जमले बघायला. आजीने चष्मा लावला, जवळ गेली आणि म्हणाली, "माझं गोंदण कुठं गेलं गं?"

तिच्या कपाळावर दोन भुवयांच्या मध्ये एक आणि हनुवटीवर तीन असे हिरवट ठिपके आहेत, लहानपणी गोंदवलेले. फोटोत कपाळावरच्या ठिपक्याचा फिकट डाग झालेला आणि हनुवटी साफ कोरी. मग सगळेच आपापले चेहरे शोधायला लागले. अण्णाआजोबांच्या म्हणजे आजीच्या धाकट्या दिरांच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत, ते सगळे गायब. बाबांच्या भुवईतली जुनी खोक गायब. आत्याच्या गालावरचा तीळ गायब. सगळ्यांचे गाल मैद्याच्या गोळ्यासारखे. गंमत म्हणजे आजीचे मांडीवरचे हात जसेच्या तसे, शिरा, सुरकुत्या, बांगडीखाली दबलेली कातडी सगळं स्पष्ट. हात ऐंशीचे आणि चेहरा चाळिशीचा.

माझा चुलतभाऊ लगेच तापला, म्हणाला आत्ताच फोन लावतो, ग्राहक मंचात जातो म्हणून सांगतो. मी त्याला म्हटलं थांब, फोनवर भांडून काय होणारे, तो माणूस म्हणणार "सगळ्यांना असंच लागतं ताई" आणि आपण म्हणणार "आम्हाला नको", आणि मग तो थोडंसं काहीतरी करून परत तेच हातात देणार. त्यापेक्षा लिहून देऊ. मी लग्नाआधी एका अल्बम डिझायनरकडे कामाला होते, त्यामुळे आतल्या बाजूला काय चालतं ते बऱ्यापैकी माहितीय. लग्नसराईत एकेका कार्यक्रमाचे हजार-दोन हजार फोटो समोर येऊन पडतात, एडिटर पोरगा विशी-बाविशीचा, त्याला कोण आजी कोण आत्या काही माहीत नसतं, आणि "चेहरे क्लीन कर" एवढीच सूचना असते. तो बिचारा क्लीन करतो.

पण पत्र लिहायच्या आधी एक गोष्ट पक्की करायची होती, की हे खरंच एडिटिंगमुळे झालंय का. कारण चेहरा मऊ दिसायला इतरही कारणं असतात. फोकस चुकला असेल, कमी उजेडात आयएसओ वाढवून आलेले दाणे घालवायला नॉइज रिडक्शन मारलं असेल, नाहीतर मॅट लॅमिनेशनमुळे प्रिंटच थोडी दबली असेल. आणि आपण "स्किन स्मूथ केलंय" म्हणून तक्रार करायची आणि तो म्हणणार फोकसचा प्रश्न आहे, की संपला विषय.

तर आधी पेन ड्राइव्हवरची फुल साइज फाइल उघडली. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून काहीही ठरवू नका, तिथं साधा फोटो म्हणून पाठवलं की साइज कमी होते आणि बारकावे तसेही मरतात. फुल फाइल १०० टक्के झूम करून बघितली. आजीच्या नऊवारीच्या काठाची जर एकेक धागा कळावी इतकी स्पष्ट होती, मंगळसूत्राचे मणी सुटे सुटे मोजता येत होते. पदर आणि चेहरा कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, म्हणजे फोकस बरोबर आहे. नॉइज रिडक्शन असतं तर ते सगळ्या फोटोवर लागलं असतं, मागच्या भिंतीचा गिलावासुद्धा गुळगुळीत झाला असता, तो तर खरखरीत दिसत होता. आणि लॅमिनेशनचा प्रश्न असता तर फाइल चांगली आणि प्रिंट मऊ असं दिसलं असतं, इथं फाइलच तशी.

मग कडा बघितल्या. कान आणि गाल यांच्यामध्ये एकदम फरक, कानाची पाळी खरी, गाल खोटा. काकांच्या कपाळावर केस सुरू होतात तिथं धुरकट पट्टा, कारण ब्रश घाईत केसांवरूनही फिरला. गळ्यावर त्वचेचा पोत आहे आणि हनुवटीच्या वर नाही. हे बघितल्यावर शंकाच उरत नाही, आख्ख्या फोटोवर ब्लरची ॲक्शन, म्हणजे एका क्लिकवर चालणारी तयार सेटिंग, चालवलीय आणि मग मास्क लावून बाकीचं झाकून ब्रशने फक्त चेहरे उघडलेत. आम्हीपण तसंच करायचो, खोटं कशाला बोलू.

अजून एक पुरावा हाताशी होता आणि तो सगळ्यात कामाचा ठरला. फोटो निवडायला स्टुडिओने जे सिलेक्शन फोल्डर दिलं होतं त्यातल्या फाइल लहान होत्या, रुंदीला २००० पिक्सेल, वर स्टुडिओचा वॉटरमार्क, पण एडिट न केलेल्या. फायनल फाइल ६००० पिक्सेल रुंद. म्हणजे तिप्पट मोठ्या फाइलमध्ये जास्त दिसायला हवं ना? तर लहान फाइलमध्ये अण्णाआजोबांच्या गालाचा खडबडीतपणा कळतोय, आजीच्या हनुवटीवर ठिपके आहेत हे कळतंय, आणि मोठ्या फाइलमध्ये काहीच नाही. दोन्हीतले चेहरे कापून शेजारी शेजारी लावले आणि एक पानाची इमेज केली. यावर कुणी वाद घालूच शकत नाही.

आता थोडं गणित, पण हे कळलं की ग्रुप फोटोत असं का होतं ते डोक्यात बसतं. मागच्या रांगेत आठजण उभे, सगळी रांग साधारण चार मीटर. फोटो ६००० पिक्सेल. म्हणजे एका मीटरला १५०० पिक्सेल आणि माणसाचा चेहरा साधारण पंधरा सेंटिमीटर रुंद धरला तर एका चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम २२५ पिक्सेल येतात. प्रिंटवर तो चेहरा सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचा. एक पिक्सेल म्हणजे चेहऱ्यावरचा साधारण दोन तृतीयांश मिलिमीटर. त्वचेवरची छिद्रं याहून बारीक असतात, म्हणजे ती या फोटोत मुळात दिसणारच नव्हती! जे दिसत होतं ते फक्त मोठं, सुरकुती, तीळ, व्रण, गोंदण. मग स्मूथ केल्यावर काय जाणार? तेच जाणार.

आणि ब्लरचा आकडा पिक्सेलमध्ये असतो हे दुसरं दुखणं. नवरीच्या क्लोजअपसाठी ॲक्शन बनवलेली असते, तिथं चेहरा २००० पिक्सेल रुंद असतो. १० पिक्सेलचा ब्लर तिथं पाऊण मिलिमीटरच्या आसपास काम करतो, त्वचा जरा सारखी होते आणि चेहरा तसाच राहतो. तीच ॲक्शन आमच्या ग्रुपवर चालवली की १० पिक्सेल म्हणजे साडेसहा मिलिमीटर. देवीचा व्रण तीन-चार मिलिमीटरचा, तो जगणार कसा. आता त्यांनी नेमका किती आकडा टाकला ते मला माहीत असायचं कारण नाही, प्रत्येकाची सेटिंग वेगळी असते, पण प्रकार हाच.

देवीच्या व्रणांबद्दल मला वाटतं त्या पोराला ते मुरमांचे खड्डे वाटले असणार. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, त्यानंतर जन्मलेल्याने असे चेहरे फक्त आपल्यापेक्षा मोठ्या माणसांतच बघितलेले, आणि विशीतल्या मुलाने कदाचित तेही नाही. त्याला राग येऊन काय उपयोग, त्याला सांगायलाच पाहिजे.

पत्राआधी घरातलं एकमत करणं हे खरं तर सगळ्यात किचकट निघालं. मी समजत होते सगळ्यांनाच जुने चेहरे परत हवेत. तर काकू म्हणाल्या, "माझा आहे तस्साच राहू दे हं, मला आवडलाय." आत्याचं म्हणणं तीळ आणा पण डोळ्याखालची काळी वर्तुळं नका आणू. पुतण्याच्या नाकावर त्या दिवशी मोठी पुटकुळी होती ती नकोच. बाबा म्हणाले मला काही फरक पडत नाही, आणि दहा मिनिटांनी परत येऊन म्हणाले ती खोक मात्र पाहिजे, ती विहिरीच्या पायरीवर पडलो तेव्हाची आहे. शेवटी एक नियम ठरला जो रिटचिंगवाल्यांमध्येही चालतो, की जे पंधरा दिवसांत आपोआप जाणार होतं ते काढायचं, जे जन्मभर राहणार ते ठेवायचं. पुटकुळी, कपाळावरचा घामाचा चकाकणारा पट्टा, शर्टावरचा हळदीचा डाग हे जाऊ दे. तीळ, व्रण, गोंदण, सुरकुत्या राहू दे. काळी वर्तुळं मधली, ती थोडी हलकी करायची पण पुसायची नाहीत. काकूंनी खूप वेळ नाक मुरडलं पण एकाच फोटोत सतरा खरे आणि एक गुळगुळीत चेहरा कसा दिसेल हे त्यांनाच विचारल्यावर तयार झाल्या.

भावाने पहिला मसुदा करून दिला होता, त्यात "आपण आमची फसवणूक केली आहे" असं वाक्य होतं. काढून टाकलं. फसवणूक नाहीये ती, सवय आहे. शिवाय स्टुडिओचे काका आमच्या भागातले, आमच्या घरातल्या बऱ्याच लग्नांचे फोटो त्यांनीच काढलेत, उद्या परत त्यांच्याकडेच जायचंय. भावाने अजून एक मुद्दा काढला होता, की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर गिऱ्हाइकाचा असतो, तेव्हा रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइलच मागून घेऊ. १९५७ च्या कायद्यात तसं आहे हे बरोबर, पण कॉपीराइट आपला म्हणजे त्यांच्या हार्ड डिस्कवरची रॉ फाइल आपल्या हातात द्यायलाच हवी असं त्यातून आपोआप होत नाही, आणि मला रॉ घेऊन करायचं काय होतं, मला नीट केलेला फोटो हवा होता. मग तेही काढलं.

शेवटी जे पत्र गेलं ते हे. नावं तेवढी काढलीत.

"स.न.वि.वि.

आजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मिळाले. ग्रुप फोटोची मांडणी आणि लाइट आम्हा सगळ्यांना फार आवडला. अठरा माणसांत एकाचेही डोळे मिटलेले नाहीत, याबद्दल तुमचे आणि तुमच्या टीमचे मनापासून आभार.

एक अडचण मात्र आहे. मोठ्या प्रिंटमध्ये (आणि पेन ड्राइव्हवरच्या फाइलमध्येही) सगळ्यांचे चेहरे गरजेपेक्षा जास्त स्मूथ झाले आहेत. फोकस अगदी व्यवस्थित आहे, साडीची जर आणि हात स्पष्ट दिसतात, त्यामुळे हा फोटोग्राफीचा दोष नाही, फक्त एडिटिंगचा आहे. सोबत तुमच्याच सिलेक्शन फोल्डरमधले आणि फायनल फाइलमधले चेहरे शेजारी लावून पाठवत आहे.

विशेषतः पुढच्या खुणा परत दिसाव्यात अशी विनंती आहे. आजींच्या कपाळावरचे व हनुवटीवरचे गोंदण. त्यांच्या डावीकडे बसलेल्या आजोबांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण (ते मुरमांचे डाग नाहीत). मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, त्यांच्या उजव्या भुवईतील खोक. त्याच रांगेत डावीकडून पाचव्या, त्यांच्या गालावरचा तीळ. सर्वांच्या सुरकुत्या जशा आहेत तशा चालतील.

जे काढलेलं आवडलं तेही सांगते. पुढे बसलेल्या मुलाच्या नाकावरची पुटकुळी, शर्टावरचा डाग आणि कपाळांवरची चमक काढलीत ते छानच, ते तसंच ठेवा. डोळ्यांखालचा काळेपणा थोडा हलका केलात तरी चालेल.

एडिट केलेल्या फाइलचे लेयर ठेवले असतील तर स्मूथचा लेयर बंद करून किंवा अगदी कमी करून बघता येईल. लेयर नसतील तर कृपया मूळ फाइलपासून पुन्हा करावे, कारण आत्ताच्या फाइलमधून गेलेले बारकावे परत येणार नाहीत.

प्रिंट करण्यापूर्वी फाइल फुल साइजमध्ये ड्राइव्हवर पाठवाल का? आम्ही दोन दिवसांत बघून कळवू. फ्रेम उत्तम आहे, तीच वापरू, फक्त प्रिंट बदलून द्यावी ही विनंती. दिवाळीआधी मिळाला तर आजींना आनंद होईल. काही शंका असल्यास जरूर फोन करा, मी स्टुडिओत येऊन शेजारी बसून दाखवायलाही तयार आहे.

कळावे, लोभ असावा."

यातल्या काही गोष्टी मुद्दाम तशा लिहिल्या. माणसांची नावं न देता रांग आणि क्रमांक दिला, कारण एडिटरला "आत्या" म्हणजे कोण ते कसं कळणार, आणि "डावीकडून" म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या डावीकडून हे चेहरे लावलेल्या इमेजवर बाणाने दाखवलं, नाहीतर उलटं धरून दुसऱ्याच बाईला तीळ लागायचा. "नॅचरल करा" असं कुठंही लिहिलं नाही. नॅचरल म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं येतं, त्यांच्या मते त्यांनी केलेलंही नॅचरलच होतं. आणि हा फोटोग्राफीचा दोष नाही हे वाक्य काकांसाठी होतं. फोटो त्यांनी स्वतः काढलेला, एडिट दुसऱ्याने केलेलं, त्यांचा मान त्यात अडकायला नको.

पत्राची प्रिंट काढून स्वतः नेऊन दिली आणि तेच व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, चेहऱ्यांची इमेजसुद्धा डॉक्युमेंट म्हणूनच.

संध्याकाळी काकांचा फोन. थोडे दुखावलेले वाटले आधी. म्हणाले, "ताई, लोक उलट येऊन सांगतात अजून गोरं करा, अजून साफ करा. तुम्ही पहिल्याच ज्या सुरकुत्या परत मागताय." मी म्हटलं काका, तुम्ही आजीला ओळखता ना, तुम्हीच बघा ती इमेज. जरा वेळ शांतता, बहुतेक उघडून बघत असतील, मग म्हणाले, "अण्णांचा चेहरा अगदीच गेलाय हो." अण्णाआजोबा आणि ते सकाळी एकाच टपरीवर चहा पितात. तिथून पुढे सगळं सोपं झालं. लेयर ठेवलेले नव्हते, फाइल फ्लॅटन करून सेव्ह केलेली, पण रॉ होत्या. करून देतो म्हणाले, प्रिंटचे पैसे नकोत म्हणाले.

पण पहिली सुधारलेली फाइल आली ती फसवी होती. लांबून बघितली तर छान, चेहऱ्यांना पोत आलेला. झूम केली तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखीच बारीक रेती, आजीच्या गालावर जशी तशीच पाच वर्षांच्या भाचीच्या गालावर. गोंदण अजूनही नाही, व्रण नाहीत. म्हणजे पोराने रॉ उघडलीच नाही, गुळगुळीत फाइलवरच ग्रेन टाकला होता. हे ओळखायची खूण अगदी साधी आहे, खऱ्या त्वचेचा पोत सगळीकडे सारखा नसतो, नाकावर वेगळा, गालावर वेगळा, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांच्या दिशेने जाणारा, आणि लहान मुलाचा तर बघायलाच नको. टाकलेला ग्रेन सगळीकडे एकच, त्याला ना दिशा ना वय.

यावेळी लांब पत्र लिहिलं नाही. चारच ओळी, की फाइल पाठवल्याबद्दल आभार, पोत आलाय पण पत्रातल्या खुणा अजून दिसत नाहीत, बहुतेक आधीच्याच फाइलवर काम झालंय, कृपया मूळ रॉवरून कराल का, आणि मी उद्या दुपारी येऊन शेजारी बसू का. काका म्हणाले याच.

एडिटर पोरगा लाजाळू, हुशार होता. रॉ उघडली आणि एका झटक्यात आजी समोर आली. त्याने सवयीने ॲक्शनवर माउस नेला, मी म्हटलं थांब रे, आज ॲक्शन नको, हीलिंग ब्रशने हातानेच करू. पुटकुळी, डाग, कपाळाची चमक, एवढंच. डोळ्यांखालच्या काळेपणासाठी त्याने वेगळ्या लेयरवर हलका उजळ ब्रश मारला आणि ओपॅसिटी ३० टक्क्यांवर आणली, मग झूम कमी करून लांबून बघितलं, मग अजून थोडी कमी केली. सगळे अठरा चेहरे अर्ध्या-पाऊण तासात झाले. ॲक्शनने दहा मिनिटांत होतात हे खरं, आणि लग्नसराईत हा फरक किती मोठा ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्याला शहाणपण शिकवायच्या फंदात पडले नाही. फक्त एक सांगितलं, की ग्रुप फोटो असेल तर ॲक्शनचा आकडा दहाऐवजी एक-दोन करून बघ, नाहीतर लावूच नको. त्याने अण्णाआजोबांच्या चेहऱ्यावर झूम करून विचारलं, "हे कशानं होतं?" देवी म्हटल्यावर त्याला आधी देऊळच आठवलं.

मोठी प्रिंट काढायच्या आधी मी एक हट्ट केला, मोठ्या फोटोतला आजीच्या आणि अण्णाआजोबांच्या चेहऱ्यांचा तुकडा त्याच मापात, म्हणजे लहान न करता, चार बाय सहाच्या कागदावर काढून बघायचा. स्क्रीनवर उजेड जास्त असतो, कागदावर सावल्या गडद उतरतात आणि व्रण जरुरीपेक्षा जास्त उठून दिसायला लागतात. झालंही तसंच, अण्णाआजोबांचा गाल जरा जास्तच खडबडीत आला. तेव्हा चेहरा स्मूथ न करता त्या बाजूच्या सावल्या थोड्या उघडल्या, दुसरा तुकडा काढला, तो बरोबर उतरला. हा प्रकार लॅबवाल्यांना नवीन नाही, पण आपण मागितला नाही तर कुणी आपणहून करत नाही, कागदाचा खर्च असतो.

प्रिंट दिवाळीच्या आठवड्यात मिळाली. आजीचे चारही ठिपके आहेत. तीळ आहे, खोक आहे. मागच्या रांगेतल्या काकांच्या चष्म्यावर मांडवाच्या लाइटची चमक तेवढी राहिलीय, ती काढायची तर त्यांचा डोळा दुसऱ्या फोटोतून आणून बसवावा लागला असता, ते मीच नको म्हटलं.

जुनी प्रिंट स्टुडिओने परत मागितली नाही. ती काकूंनी गुपचूप उचलली, नवीन फ्रेम करून घेतली आणि आता त्यांच्या हॉलमध्ये लावलीय. कोणी विचारलं तर सांगतात, ओरिजिनल आमच्याकडे आहे.